चार वाजताचा रिकामा चौकोन

माझी एक मैत्रीण मालिकांचे लेखन करते. रुग्णालयात घडणाऱ्या एका मालिकेचा एक भाग तिने लिहायला घेतला होता आणि तो संपूर्ण भाग एकाच रात्रपाळीत घडणार होता. मसुदा तिने मला वाचायला पाठवला, कारण पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे मी अशा रात्रींमध्ये काढली आहेत आणि त्यानंतरही त्या सुटलेल्या नाहीत. सोबत तिने एवढेच लिहिले होते, "चुका काढ, आणि हातचे राखून ठेवू नकोस."

पहिली चूक सापडायला वेळ लागला नाही. मॉनिटरवरची रेषा सरळ झाली आणि तरुण डॉक्टरने छातीवर विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा चालू केले, असा प्रसंग तिने रंगवला होता. सरळ रेषेला झटका देत नाहीत. झटका असतो तो हृदयाच्या विस्कळीत थरथरीसाठी. ती थरथर एका क्षणात थांबवून हृदयाला पुन्हा आपला ठेका धरता यावा, यासाठी. जिथे विद्युत हालचालच उरलेली नाही तिथे छाती दाबत राहायचे, श्वास द्यायचा, दर तीन ते पाच मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन द्यायचे आणि हे का झाले त्याचे कारण शोधायचे. ही दुरुस्ती तिने लगेच मान्य केली.

मला खरी अडचण वाटत होती ती वेगळीच. मसुद्यात वैद्यकीय प्रसंग एकीकडे होते, थकवा दुसरीकडे होता आणि नैतिक पेच तिसरीकडे. थकवा म्हणजे जांभया, चोळलेले डोळे आणि भिंतीला टेकवलेले डोके. पेच म्हणजे एक व्हेंटिलेटर आणि दोन रुग्ण. असे पेच येतात, ते भयंकर असतात, आणि साथीच्या काळात आम्ही ते पाहिलेही आहेत. पण एरवीच्या रात्री एकटा निवासी डॉक्टर असा निर्णय घेत नाही. तो वरिष्ठांना फोन करतो, दुसऱ्या विभागात खाट शोधतो, रुग्णाला हाताने फुगा दाबून श्वास देत हलवण्याची व्यवस्था करतो. रात्रपाळीतला खरा पेच फार लहान जागेत मावतो. तो बहुतेक वेळा थकव्यातून जन्मतो, आणि थकवा दिसतो तो उपचारांच्याच एखाद्या पायरीवर. ही तिन्ही सूत्रे एकाच धाग्यात आली पाहिजेत, असे मी तिला म्हणाले. "मग तूच एक केस दे," ती म्हणाली. पुढचे दोन आठवडे आम्ही ती केस मिनिटामिनिटाने बांधली.

आमचा निवासी डॉक्टर सकाळी सातपासून कामावर आहे. दिवसभराच्या राउंडनंतर रात्रीची ड्यूटीही त्याचीच आहे. रात्री एक वाजून वीस मिनिटांनी साठीतल्या एका गृहस्थांना त्यांची मुलगी घेऊन येते. त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालते, आणि आधीचे डायलिसिस चुकले आहे. तक्रार एकच, पायांत जोर नाही. ताप नाही, छातीत दुखत नाही. मैत्रिणीला ही सुरुवात फार मिळमिळीत वाटली. मी तिला सांगितले की, जाणत्या माणसाच्या पोटात गोळा यावा अशी ही सुरुवात आहे. डायलिसिस चुकलेला रुग्ण पाय उचलत नाहीत म्हणतो, तेव्हा रक्तातले पोटॅशियम वाढले असल्याची शंका आधी घ्यायची, आणि रक्ताचा अहवाल येण्याची वाट न पाहता ईसीजी काढायचा.

आमच्या पटकथेत ईसीजीचा कागद हळूहळू यंत्रातून बाहेर येतो. डॉक्टर तो उभ्याउभ्या वाचतो. टी लहरी उंच आणि टोकदार, तंबूसारख्या. पी लहर जवळजवळ दिसेनाशी. मधला क्यूआरएस पसरट. पोटॅशियम वाढत गेले की हृदयाचा आलेख साधारण याच दिशेने बिघडत जातो आणि शेवटी सगळ्या लहरी एकमेकींत मिसळून एकच लाट उरते, त्यानंतर हृदय थांबते. रक्त काढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढलेला येऊ शकतो. पण आलेखावर असे बदल दिसत असताना त्या शंकेचा आधार घेऊन थांबायचे नसते. थोड्या वेळाने अहवाल येतो तेव्हा आकडा असतो ७.१. साधारणपणे तो ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवा.

पुढचा अर्धा तास हा डॉक्टर अतिशय चोख काम करतो, आणि यावर मी हटून बसले. दमलेला डॉक्टर म्हणजे गोंधळलेला डॉक्टर, हे समीकरण मला मान्य नव्हते. तो मॉनिटर लावतो, शीर मिळवतो, १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलिलिटर सुमारे पाच मिनिटांत हळूहळू देतो, आलेख पुन्हा पाहतो, पुरेसा फरक दिसत नाही म्हणून तोच डोस आणखी एकदा देतो. क्यूआरएस आवळत जाताना त्याला डोळ्यांसमोर दिसतो. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही. ते हृदयाच्या पेशींना त्याच्या माऱ्यापासून अर्धा-पाऊण तास वाचवते, इतकेच. म्हणून तेवढ्या वेळात दुसरे औषध कामाला लागले पाहिजे.

ते दुसरे औषध म्हणजे इन्सुलिन. मधुमेह नसलेल्या माणसाला इन्सुलिन का, असा प्रश्न मैत्रिणीने विचारला आणि तो प्रेक्षकांनाही पडेल म्हणून तिने तो मुलीच्या तोंडी घातला. इन्सुलिन साखरेला पेशीत नेते तसे पोटॅशियमलाही पेशीत ढकलते. साखर खाली जाऊ नये म्हणून त्याच्या जोडीला ग्लुकोज द्यायचे. बरोबर दोन वाजता आमचा डॉक्टर शिरेतून १० युनिट साधे इन्सुलिन देतो आणि २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज देतो. त्याआधी बोटाला टोचून साखर पाहिलेली आहे, १०४. डायलिसिसच्या तंत्रज्ञाला निरोप गेला आहे. यंत्र मात्र सहापर्यंत मोकळे नाही. वरिष्ठांना फोन झाला आहे. रात्री दोन वाजता वरिष्ठांना उठवायचे की नाही, या विचारात जाणारी दोन मिनिटेही आम्ही ठेवली, कारण प्रत्येक निवासी डॉक्टरच्या आयुष्यात ती असतात आणि कोणत्याही केसपेपरवर ती नोंदवलेली नसतात.

आता या उपचारात एक खोच आहे, आणि सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. दिलेले ग्लुकोज तासाभरात वापरले जाते. इन्सुलिनचा परिणाम मात्र चार ते सहा तास राहतो. शरीरातून इन्सुलिन काढून टाकण्यात मूत्रपिंडांचा मोठा वाटा असल्यामुळे, ज्याची मूत्रपिंडे बंद आहेत त्याच्यात तो आणखी रेंगाळतो. म्हणजे ज्या रुग्णाला हा उपचार सर्वांत जास्त लागतो, त्यालाच नंतर साखर घसरण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. त्यातून मधुमेह नसेल आणि सुरुवातीची साखर बेताचीच असेल तर अधिकच. म्हणून पुढचे सहा तास दर तासाला साखर तपासायची. सुरुवातीची साखर कमी असेल तर अनेक ठिकाणी १० टक्के डेक्स्ट्रोजचे सलाईनही हळूहळू चालू ठेवतात. आमच्या रुग्णाची साखर १०४ होती. ते सलाईन लावायला हवे होते. डॉक्टरच्या मनात ते होतेही. पण डायलिसिसच्या रुग्णाला जास्तीचे पाणी नको, हा विचार आला आणि यंत्राबद्दल कळले की ठरवू, असे म्हणून ते राहिले.

आणि त्याने केसपेपरवर आदेश लिहिला, "शुगरवर लक्ष ठेवा."

या तीन शब्दांपाशी मी मैत्रिणीला थांबवले. तिला यात काही वावगे दिसेना. मी म्हणाले, थकवा दाखवायचा आहे ना, तर तो इथे आहे. सकाळी दहा वाजता याच डॉक्टरने लिहिले असते, दर तासाला, तीन वाजल्यापासून आठ वाजेपर्यंत, ७० च्या खाली गेल्यास कळवा. मध्यरात्रीनंतर वाक्ये आखडतात. डोक्यात सगळे असते, ते हातात उतरत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले होते की, सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसांची हात आणि डोळे यांच्या मेळाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसांइतकी घसरते. आमचा डॉक्टर दोन वाजता किमान १९ तास जागा होता. तरी त्याने कॅल्शियम अचूक दिले, कारण संकट समोर असले की शरीर कुठून तरी बळ गोळा करते. थकव्यात निसटते ते समोर नसलेले काम: दोन तासांनी परत यायचे आहे ही आठवण, आणि आपल्याला जे स्पष्ट आहे ते दुसऱ्यालाही स्पष्ट केले पाहिजे याचे भान. हे मी अनुभवाने सांगते. तातडीच्या क्षणी माझे हात चुकल्याचे मला फारसे आठवत नाही. चुकले ते नंतर, शांततेत.

तीन वाजता डॉक्टर स्वतः तिथेच उभा आहे, म्हणून सिस्टर साखर तपासतात. १३१. तक्त्यावर तीनच्या चौकोनात आकडा भरला जातो. या वॉर्डच्या तक्त्यावर २४ तासांचे २४ चौकोन आहेत, पण नेहमीच्या रुग्णांचे दर सहा तासांनी एक याप्रमाणे चारच भरले जातात. सिस्टर एकट्या २२ रुग्ण पाहत आहेत. "लक्ष ठेवा" याचा त्यांनी लावलेला अर्थ असा, की आत्ताची चांगली आली, आता सहाची पाहू. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तोच लावला असता.

तीन चाळीसला वरच्या मजल्यावरून हृदय बंद पडल्याचा निरोप येतो. मैत्रिणीने हा प्रसंग आरडाओरड्याचा लिहिला होता. मी तिला सांगितले की, नीट चाललेले पुनरुज्जीवन बऱ्यापैकी शांत असते. एकजण छाती दाबतो, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच सेंटिमीटर तरी खोल, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलतो, कारण दमलेले हात उथळ दाबू लागतात आणि ते दाबणाऱ्याला स्वतःला कळत नाही. एकजण श्वास देतो, एकजण औषधे भरतो, आणि एकजण फक्त घड्याळ पाहून वेळ मोठ्याने सांगतो व लिहितो. ३८ मिनिटांनंतर वरिष्ठांशी बोलून ते थांबवले जाते. डॉक्टर नातेवाइकांना सांगून येतो. हे सांगणे आम्ही पडद्यावर दाखवले नाही. फक्त दार बंद होते आणि थोड्या वेळाने उघडते.

साडेचारला तो खाली येऊन वरच्या रुग्णाची नोंद लिहायला बसतो. कोणते औषध किती वाजता, याची यादी करताना एका ओळीवर पेन थांबते, तिथून शाईची एक रेघ तिरकी खाली उतरत जाते आणि कागदाच्या कडेशी संपते. ही रेघ माझी आहे. माझ्या एका जुन्या नोंदवहीत ती अजून आहे, आणि त्या रेघेच्या वेळी मी झोपले होते हे मला रेघ पाहूनच कळले होते. मैत्रिणीने ही एकच गोष्ट ठेवून सगळ्या जांभया काढून टाकल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी तो दचकून उठतो आणि तोंड धुवायला जाता जाता त्या खाटेवरून जातो. गृहस्थ शांत झोपले आहेत, किंचित घोरत आहेत. मुलगी पदराने त्यांची मान पुसते आहे. तो दोन पावले पुढे जातो आणि थांबतो. पंखा चालू आहे, रात्रीचा गारवा आहे, मग मान का पुसायची? तो परत येतो. सदऱ्याची कॉलर ओली आहे, उशीवर डोक्याभोवती ओला गोल उमटला आहे, कपाळ गार आहे.

साखर घसरली की एरवी हात कापतात, छाती धडधडते, भूक लागते. या गृहस्थांना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू होते, आणि ते औषध थरथर आणि धडधड झाकून टाकते. घाम मात्र झाकला जात नाही. झोपलेल्या माणसात तर गुंगी आणि झोप यांतला फरक लांबून ओळखताच येत नाही. हाक मारून, हलवून पाहावे लागते. तो हाक मारतो. दुसऱ्या हाकेलाही उत्तर नाही. तो छातीच्या हाडावर बोटांचे पेर जोरात घासतो, तेव्हा एक अस्पष्ट हुंकार येतो. ग्लुकोमीटरवर आकडा दिसतो, ३४.

पुन्हा पंधरा मिनिटांचे चोख काम. २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर शिरेतून, मागोमाग १० टक्क्यांचे सलाईन चालू, ईसीजी पुन्हा, मॉनिटरकडे नजर. पाच पंचवीसला साखर १४२. गृहस्थ डोळे उघडतात, मुलीला नावाने हाक मारतात, किती वाजले विचारतात. डॉक्टर त्यांना दोन्ही हात उचलायला लावतो, बोट दाबायला सांगतो, आजचा वार विचारतो. सगळे ठीक आहे.

मुलगी हात जोडते. "डॉक्टर, तुम्ही वेळेवर आलात म्हणून. नाहीतर मी बाबा झोपलेत म्हणून तशीच बसून राहिले असते."

मैत्रिणीच्या मनात भाग इथेच संपत होता. मी म्हणाले, नाही, आता सुरू होतो.

तो तक्ता हातात घेतो. दोनच्या चौकोनात १०४. तीनच्या चौकोनात १३१. पाचच्या चौकोनात ३४. चारचा चौकोन रिकामा.

त्याच्यापुढे काय काय आहे, ते आम्ही एक एक करून पाहिले. पहिला मार्ग अगदी सरळ आहे. त्या चौकोनात ९२ असा आकडा लिहायचा. तो विश्वसनीय आहे, १३१ आणि ३४ यांच्या मध्ये बरोबर बसतो. ग्लुकोमीटरची आठवण सहसा कोणी तपासत नाही. मग वाचणाऱ्याला दिसेल, चार वाजता साखर चांगली होती, त्यानंतर अचानक घसरली आणि डॉक्टरने ती ताबडतोब ओळखली. कोणाचे काही बिघडले नाही. मुलीच्या डोळ्यांत जे आहे ते तसेच राहील.

हा मार्ग किती मोहाचा आहे, ते मी मैत्रिणीला सांगू शकले, कारण मी त्यावर चालून आले आहे. निवासी डॉक्टर असताना एका पहाटे एका झोपलेल्या रुग्णाची नाडी न मोजता मी ८४ असा आकडा लिहिला होता. त्या रुग्णाला काही झाले नाही, कोणी काही विचारले नाही, आठवड्याने तो चालत घरी गेला. त्या रात्री मी खऱ्या मोजलेल्या शेकडो नाड्यांपैकी एकही आकडा मला आज आठवत नाही. न मोजलेला ८४ आठवतो. त्याची कबुली मी त्या काळी कोणाला दिली नव्हती. मैत्रिणीला पहिल्यांदा सांगितले, आणि आता येथे लिहिते आहे.

दुसरा मार्ग मैत्रिणीने सुचवला आणि सुचवताना तिला तो योग्य मार्ग वाटत होता. तो खरे लिहितो: "चार वाजता साखर तपासली गेली नाही." मी तिला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. तपासली गेली नाही. कोणाकडून? तक्ता सिस्टरांचा आहे, आकडे सिस्टर भरतात, खाली सही सिस्टरांची असते. सकाळी आठच्या हँडओव्हरला ते वाक्य ज्याच्या हाती पडेल, तो मान वर करून सिस्टरांकडेच पाहील. वाक्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि तरी वाचणाऱ्याला ते खोट्याकडे नेते. मला वाटते की आमच्या व्यवसायात उघड खोट्या आकड्यांपेक्षा अशी खरी वाक्येच अधिक लिहिली जातात. ती लिहिणाऱ्याला रात्री झोपही लागते, कारण त्याने सत्य सांगितलेले असते.

यावर आमचा वाद झाला. मैत्रीण म्हणाली, "पण सिस्टरांचीही चूक नाही का? इन्सुलिन दिल्याचे त्यांना ठाऊक होते." होते. अनुभवी सिस्टरांनी विचारायला हवे होते, हेही खरे. पण कोणाची चूक किती, हे मोजण्याचे काम त्या पहाटे त्या डॉक्टरचे नाही. त्याला फक्त त्याच्या बाजूचे जे ठाऊक आहे ते लिहायचे आहे, आणि ते त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही: की "लक्ष ठेवा" असे लिहिताना त्याच्या मनात "दर तासाला" होते, आणि १० टक्क्यांच्या सलाईनचा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. हे दोन्ही तो लिहिणार नसेल, तर त्या घटनेतून ते कायमचे नाहीसे होईल.

तिसऱ्या मार्गाला किंमत आहे आणि ती आम्ही लपवली नाही. परीक्षा चार महिन्यांवर आहे. विभागप्रमुख समजूतदार आहेत की नाहीत, हे त्याला नक्की सांगता येत नाही. मुलीला सांगितले तर ती तक्रार करू शकते, आणि तिला तो अधिकार आहे. शिवाय एक प्रश्न असा की, रुग्ण बरा असताना, डायलिसिसला जायच्या आधी, आधीच घाबरलेल्या मुलीला हे सांगून आपण तिचे ओझे वाढवतो आहोत की स्वतःचे हलके करतो आहोत. हा प्रश्न मला अजूनही पूर्ण सुटलेला नाही. पण एक गोष्ट मला निर्णायक वाटते. त्या गृहस्थांचे पोटॅशियम पुन्हा कधीतरी वाढेल, दुसऱ्या एखाद्या रात्री, दुसऱ्या डॉक्टरसमोर. तेव्हा "मागच्या वेळी या इन्सुलिनने यांची साखर ३४ पर्यंत गेली होती, बाबांना घाम येत होता आणि ते उठत नव्हते," हे सांगणारी व्यक्ती ती मुलगीच असेल. ती माहिती तिची आहे.

नोंद कशी लिहायची, यावर मी फार वेळ घालवला, कारण पडद्यावर कागद जवळून दिसणार होता. रिकामा चौकोन रिकामाच ठेवायचा. त्यावर काही भरायचे नाही, काही खोडायचे नाही. मागची वेळ टाकून लिहायचे नाही. खाली आत्ताची वेळ घालायची, पाच वाजून पन्नास मिनिटे, "उशिरा केलेली नोंद" असे स्पष्ट म्हणायचे, आणि घडले ते क्रमाने लिहायचे. आमच्या डॉक्टरने लिहिले ते असे: "२.०० वाजता इन्सुलिन दिल्यानंतर दर तासाला साखर तपासण्याचा आदेश मी स्पष्ट लिहिला नाही. सुरुवातीची साखर १०४ असूनही १० टक्के डेक्स्ट्रोज चालू केले नाही. ४.०० ची तपासणी झाली नाही. ५.१० ला रुग्ण गुंगीत, घाम, साखर ३४." पुढे उपचार, आकडे, वेळ, सही. कारणांमध्ये थकव्याचा उल्लेख नाही. तो घालावा असे मैत्रिणीचे म्हणणे होते, कारण तोही खराच होता. मी म्हणाले, तो वरच्या बैठकीत सांगावा, जोरात सांगावा, ड्यूट्यांचे वेळापत्रक ज्यांच्या हातात आहे त्यांना सांगावा. रुग्णाच्या कागदावर तो सबबीसारखा वाचला जाईल.

लिहून झाल्यावर तो आधी सिस्टरांकडे जातो आणि नोंद त्यांच्यापुढे ठेवतो. त्यांना ती आठच्या हँडओव्हरला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून. सिस्टर उभ्याउभ्या वाचतात, काही बोलत नाहीत, मग खिशातले पेन काढून त्याच पानावर स्वतःची एक ओळ लिहितात. ती ओळ काय आहे, ते आम्ही प्रेक्षकांना दाखवले नाही. मैत्रिणीने दाखवायचे ठरवले होते. मीच नको म्हणाले. ती सिस्टरांची गोष्ट आहे.

मग तो मुलीसमोर खुर्ची ओढून बसतो. उभे राहून सांगायचे नाही, हे मी पटकथेत कंसात लिहिले आहे. तो आधी बाबांची आत्ताची स्थिती सांगतो, कारण ऐकणाऱ्याला ते कळेपर्यंत पुढचे काही ऐकू येत नाही. मग म्हणतो, "मी वेळेवर आलो असे तुम्ही म्हणालात. तसे नव्हते. चार वाजता यांची साखर तपासायला हवी होती. ती तपासली जाईल असा स्पष्ट आदेश मी लिहिला नाही. त्यामुळे यांना हा त्रास झाला. मला माफ करा."

मुलगी बराच वेळ काही बोलत नाही. जोडलेले हात तिच्या मांडीवर तसेच राहिले आहेत, अर्धवट सुटलेले. या ठिकाणी ती काय म्हणेल, यावर आम्ही चार वेळा लिहिले आणि चारही वेळा खोडले. ती रागावते, ती क्षमा करते, ती रडते, ती उठून जाते. प्रत्येक वेळी डॉक्टरच्या निर्णयाला कोणीतरी गुण दिल्यासारखे वाटत होते. शेवटी मैत्रिणीने एक वाक्य लिहिले आणि मी त्यात काहीही बदल सुचवला नाही.

"आता परत कधी बघणार?" मुलगी विचारते.

तो घड्याळ पाहतो. सहा वाजायला दोन मिनिटे कमी आहेत. तो ग्लुकोमीटर घेऊन येतो, गृहस्थांचे बोट पुसतो, टोचतो, थेंब पट्टीला लावतो, आणि आकडा येईपर्यंत तिघेही त्या लहानशा पडद्याकडे पाहत राहतात.